पंपाच्या जागी काय चालेल आणि पंपात काय बसेल

जुन्या मोनोब्लॉक पंपाचा फोटो पाठवून कंपनीला विचारतात, ‘हे मॉडेल बंद झालं का? याचं नवीन कोणतं? पार्ट मिळतील का?’ एका पत्रात दोन वेगळे प्रश्न, आणि फोटोत दोन्हींचं उत्तर नाही.

नवं मॉडेल कोणतं, हा प्रश्न पंप भंगारात देणाऱ्याचा. त्याचं उत्तर कामावरून ठरतं: पाणी किती मीटर चढवायचं, म्हणजे हेड, आणि सेकंदाला किती लिटर हवं, म्हणजे डिस्चार्ज. इथे लोक फक्त ‘पाच एचपी’ लिहितात, ते वाचून माझं डोकं उठतं. पाच एचपीचा एक पंप भरपूर पाणी थोड्या उंचीवर टाकतो, दुसरा थोडं पाणी टेकडीवर चढवतो. पाटीवर दोघांचेही ३.७ किलोवॅट.

खरी गल्लत पुढे आहे. कंपनीने एकदा कळवलं की अमुक मॉडेलच्या जागी तमुक आलंय, की लोक तमुकचा इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं आतलं चाक, मागवून मोकळे होतात. ‘जागी आलं’ म्हणजे तेच काम करतं, एवढंच. आतला शाफ्ट जाड झालेला असू शकतो, चावीची खाच बदललेली असू शकते. इतकंच काय, एकाच केसिंगमध्ये कमी-जास्त व्यासाचे इंपेलर बसवून वेगवेगळ्या हेडचे पंप करतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मोठा इंपेलर चुकून बसला तर मोटर जादा करंट ओढते आणि तापते. लहान बसला तर पंप फिरतो, पण पाणी वरच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून सुट्या भागांसाठी लिहाल तेव्हा पाटी घासून पुसून तिचाच जवळून फोटो काढा. पत्र एवढंच पुरे:

‘पंप आमच्याकडे चालू आहे, बदलायचा नाही. टाइप आणि सीरियल नंबर पाटीच्या फोटोत आहेत. इंपेलर आणि मेकॅनिकल सील हवं. जुन्या इंपेलरचा बाहेरचा व्यास, भोक आणि खाचेची रुंदी मोजून खाली लिहिली आहे. याच सीरियल नंबरला बसणारा भाग मिळेल का? नसल्यास तसं कळवा, पर्यायी मॉडेल सुचवू नका.’

शेवटचं वाक्य उद्धट वाटलं तरी राहू द्या. ते नसेल तर पत्र विक्रीवाल्यांच्या टेबलावर जातं आणि उलटटपाली नव्या पंपाचं कोटेशन येतं.

बेअरिंगसाठी कंपनीला पत्रच नको. त्यावर ६३०६ असं काही कोरलेलं असतं. शेवटच्या ०६ ला पाचाने गुणलं की आतलं भोक, ३० मिलिमीटर. तालुक्याच्या दुकानात नंबर सांगा. झाकणाचा प्रकारही तोच घ्या.

घरच्या अल्बममधल्या फोटोत पंप दिसला आणि प्रत्यक्षात तो कधीच विकला गेलाय, अशांनी सुट्या भागांची चौकशी करू नये. तुम्हाला हेड आणि डिस्चार्ज सांगून नवाच घ्यायचाय. फोटोतला हिरवा रंग कोणताही पेंटर लावून देईल.