कानबाईच्या आराशीचा रंग: एकदा उन्हात, एकदा दिव्यात

खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, रात्रभर जागरण होते आणि सोमवारी सकाळी चौरंग अंगणात येऊन विसर्जनाची मिरवणूक निघते. म्हणजे एकच आरास काही तासांच्या अंतराने दोन अगदी वेगळ्या प्रकाशांत पाहिली जाते. रात्री ती एलईडी बल्ब, माळा आणि फोकस यांच्या उजेडात असते, तर सकाळी बहुतेकदा ढगाळ आभाळाच्या मोकळ्या प्रकाशात. रात्री मनासारखे जुळलेले रंग सकाळी विजोड का दिसतात, याचे कारण कापड, दिवा आणि डोळा या तिघांच्या व्यवहारात आहे.

कापडाला स्वतःचा प्रकाश नसतो. त्यावर पडलेल्या प्रकाशातील काही भाग त्यातला रंग शोषून घेतो आणि उरलेला भाग परत फेकतो. तो आपल्या डोळ्यापर्यंत आला की आपण त्याला हिरवा किंवा तांबडा म्हणतो. त्यामुळे दिव्याच्या प्रकाशात जे नाही ते कापडाला परत फेकता येत नाही. सूर्यप्रकाशात जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सर्व रंगछटा सलग असतात. घरातला पांढरा एलईडी बल्ब मात्र वेगळ्या रीतीने पांढरा होतो. त्याच्या आत साधारण ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर पावडरीचा लेप असतो. चिपचा निळा आणि लेपातून निघणारा पिवळा मिळून डोळ्याला पांढरे वाटते. या मिश्रणात ४८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळा आणि हिरवा यांच्या मधल्या पट्ट्यात, खळगा असतो, आणि थंड पांढऱ्या बल्बांत गडद तांबडा भागही तोकडा असतो.

याचा आराशीवर काय परिणाम होतो, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, जळगावच्या एका घरात कानबाईला हिरवी सुती साडी नेसवायची आहे आणि चौरंगाला त्याच हिरव्या रंगाची सॅटिनची झालर लावायची आहे. दुकानातल्या पांढऱ्या एलईडीखाली साडी आणि सॅटिन शेजारी ठेवले, तर दोन्ही हुबेहूब एकसारखे दिसतात. सोमवारी सकाळी अंगणात मात्र साडी स्वच्छ हिरवी दिसते आणि झालर किंचित खाकी, मातकट वाटते. इथे दुकानदाराने फसवलेले नाही, आणि कापडाचा रंगही रात्रीतून उडालेला नाही. सुती कापड आणि पॉलिस्टरचे सॅटिन एकाच जातीच्या रंगांनी रंगवता येत नाही. सुतीला धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रंग लागतात, तर पॉलिस्टरला उष्णतेने धाग्यात शिरणारे वेगळे रंग लागतात. दोन वेगळ्या रसायनांनी एकच हिरवा साधला असला, तरी कोणता प्रकाश किती शोषला जातो याचा हिशेब दोघांचा वेगळा राहतो. या सॅटिनचा रंग गडद तांबडा प्रकाश जास्त परत फेकणारा असेल, तर तांबडा तोकडा असलेल्या दिव्याखाली ते लपून राहते आणि सूर्यप्रकाशात उघड होते. एका प्रकाशात जुळून दुसऱ्यात फुटणाऱ्या अशा जोडीला विज्ञानात मेटामेरिक जोडी म्हणतात. माझ्या मते आराशीतला सर्वांत फसवा दोष हाच, कारण एकाच दिव्याखाली कितीही वेळ पाहिले तरी तो सापडत नाही.

ही जोडी पकडण्याची सोपी पद्धत आहे. साडीचा पदर आणि झालरीचा तुकडा एकमेकांना चिकटवून, मध्ये फट न ठेवता धरावा, कारण डोळा लगतच्या छटांतला फरक बारकाईने टिपतो, लांबच्या दोन कापडांतला नाही. आधी दुकानाबाहेर सावलीत, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून पाहावे. थेट उन्हात चकाकीमुळे सॅटिनचा रंग कळत नाही. नंतर घरी, आराशीला जे बल्ब लागणार आहेत तेच लावून, इतर दिवे आणि ट्यूब बंद करून पाहावे. दिवा बदलल्यावर दोनतीन मिनिटे थांबावे, कारण डोळा नव्या प्रकाशाला सरावायला वेळ घेतो. जुना तारेचा पिवळा बल्ब घरात असेल, तर त्याच्याखालीही एकदा पाहावे. त्यात तांबडा भाग भरपूर असल्यामुळे लपलेला फरक तिथे ठळक होतो. या तिन्ही ठिकाणी जुळलेली कापडे सहसा पुढेही जुळतात. मोबाइलच्या फोटोवरून मात्र निर्णय घेऊ नये. कॅमेरा प्रत्येक फोटोत रंगांचा तोल आपोआप बदलतो आणि जो फरक शोधायचा आहे तोच पुसून टाकतो.

दुसरी अडचण रंगीत दिव्यांची आहे, आणि ती झेंडूच्या बाबतीत सर्वांत लवकर दिसते. झेंडूची पाकळी निळा प्रकाश शोषते आणि पिवळा, नारिंगी, तांबडा परत फेकते. तिच्यावर निव्वळ निळ्या एलईडी पट्टीचा उजेड पडला, तर परत फेकायला काहीच उरत नाही आणि दिवसा सोन्यासारखी दिसणारी माळ रात्री काळपट होते. आंब्याच्या पानांचे तोरण आणि तांबड्या कुंकवाची रेघही त्याच उजेडात मंदावते, तर मागचा पांढरा पडदा मात्र निळा उजळतो. परिणामी देवीऐवजी पडदाच डोळ्यात भरतो. केळीचे खांब आणि झेंडू असलेल्या आराशीला म्हणूनच ऊबदार पांढरा, सुमारे २७०० ते ३००० केल्विनचा दिवा मला अधिक योग्य वाटतो. बल्ब घेताना खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडाही पाहावा. तो ९० किंवा त्याहून अधिक असेल, तर तांबडा भाग सामान्यतः बराच भरून निघतो.

प्रकाशाच्या प्रमाणातही दोन्ही वेळांत मोठी तफावत असते. घरात रात्री काहीशे लक्स उजेड पुरेसा वाटतो, तर भर उन्हात तो एक लाखाच्या आसपास आणि ढगाळ दिवशीही कित्येक हजार असतो. त्यामुळे सकाळी अंगणात आल्यावर एलईडीची माळ जवळजवळ दिसेनाशी होते आणि तिच्या जोरावर उभी केलेली चौकट अचानक रिकामी वाटते. दिवसा न लपणारी फुले, पाने किंवा काठ तिच्या जागी आधीच असले पाहिजेत. उलट साडीची जरी रात्री जास्त खुलते, कारण लहान दिव्याचे प्रतिबिंब तिच्या प्रत्येक तारेवर ठिपक्यासारखे चमकते. ढगाळ प्रकाश सर्व बाजूंनी सारखा येतो, तेव्हा तीच जरी मंद पिवळी दिसते. केवळ जरीच्या चमकेवर भिस्त ठेवून साडी निवडली असेल, तर ती सकाळी फिकी पडते.

ही तपासणी रविवारी संध्याकाळी करून उपयोग नाही, कारण तेव्हा कापड बदलता येत नाही. बुधवारी किंवा गुरुवारी पूर्ण आरास तात्पुरती मांडून, रात्री दिवे लावून आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विसर्जनाच्याच वेळेला चौरंग अंगणात ठेवून पाहावे, म्हणजे झालर बदलायला बाजार उघडा असतो. सकाळी भिंतीच्या सावलीत आणि मोकळ्या जागेत अशा दोन्ही ठिकाणी पाहावे, कारण उगवतीचा उजेड तांबूस असतो आणि सावलीतला निळसर. रंगीत पट्टी हवीच असेल, तर तिचे बटण पांढऱ्या दिव्यांपासून वेगळे ठेवावे. आरतीच्या वेळी ती बंद केली की झेंडू आणि कुंकू पुन्हा आपल्या रंगात दिसतात.