पहिल्या भेटीचा पिक्चर वेगळा, घरच्या संध्याकाळचा वेगळा

मध्यंतरी भाचीचा फोन आला. "मावशी, रविवारी एकाला पहिल्यांदाच भेटतेय, पिक्चरला जायचं म्हणतोय. काहीतरी छान, हलकंफुलकं, रोमँटिक सांग ना." त्याच आठवड्यात ऑफिसातला एक सहकारी डबा खाताना म्हणाला, "आज बाहेर नको, घरीच बसू म्हणते बायको. एखादा छान, हलकाफुलका, रोमँटिक पिक्चर सांगा." शब्द तेच, आणि दोघांचीही अपेक्षा अशी की मी एकच नाव सांगावं.

मला पिक्चर फार आठवतात म्हणून लोक मला विचारतात, त्यामुळे हा घोळ मी वर्षानुवर्षं ऐकतेय. "प्रेमात पडलेल्यांसाठी दहा सिनेमे" छापाच्या याद्यांनी त्यात भर घातली आहे. त्या याद्यांमध्ये पहिली भेट, लग्नाचा वाढदिवस आणि पावसात घरी अडकलेला शनिवार हे सगळं एकाच टोपलीत असतं.

घरची संध्याकाळ सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तिच्याबद्दल फार सांगत नाही. जेवण झालेलं असतं, पाय टीपॉयवर असतात, मधेच कुकरचं भांडं घासायचं आठवतं. इथे शत्रू एकच, थकवा. दिवसभर डोकं वापरून झालेलं असतं, म्हणून पिक्चरने आपल्याकडून फार काही मागू नये. पाहिलेला असला तर उत्तमच. दहा मिनिटं डुलकी लागली तरी धागा सुटू नये. सबटायटल वाचत बघायचा कोरियन थरारपट कितीही भारी असला तरी बुधवारी रात्री सव्वानऊला तो लावू नये, कारण सबटायटल वाचताना डुलकी घेता येत नाही.

पहिल्या भेटीचा शत्रू थकवा नसतो. तिथे दोघंही लख्ख जागे असतात, जरा जास्तच. तिथला शत्रू म्हणजे अवघडणं, आणि लोकांची गफलत नेमकी इथे होते. त्यांना वाटतं, पिक्चरमध्ये प्रेम असलं की भेटीत आपोआप गोडवा येईल. होतं उलटं. शेजारी बसलेल्या माणसाला आपण चाळीस मिनिटांपूर्वी पहिल्यांदा पाहिलंय आणि पडद्यावर दोन माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघत कबुली देतायत. अशा वेळी हात कुठे ठेवायचा, हसायचं की नाही, पॉपकॉर्न चावायचा की गप्प बसायचं, हे प्रश्न पिक्चरपेक्षा मोठे होतात. पडद्यावरचं सगळं अंगावर येतं.

म्हणून माझा नियम साधा आहे. पडद्यावर तुमची आत्ताची परिस्थिती नको. 'मुंबई-पुणे-मुंबई' हा २०१० चा पिक्चर मला आवडतो, दोन माणसं दिवसभर पुण्यात बोलत हिंडतात एवढीच गोष्ट. पण मुलगी मुंबईहून येते ती घरच्यांनी सुचवलेल्या मुलाला नकार द्यायला. तुमची भेट दोन्हीकडच्या आयांनी ठरवलेली असेल तर हा पिक्चर एकत्र बघणं म्हणजे बघण्याच्या कार्यक्रमात बसून बघण्याचा कार्यक्रम बघणं. नायिका नकाराचं बोलली की शेजारचा खुर्चीत सावरून बसणार.

हाच नियम घरच्या संध्याकाळी उलट्या बाजूने लागू होतो, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. माझं आवडतं उदाहरण म्हणजे रितेश बत्रांचा 'द लंचबॉक्स', २०१३ चा. इला नवऱ्यासाठी मन लावून डबा करते, डबेवाल्यांच्या एका चुकीने तो भलत्याच माणसाकडे जातो, आणि त्या अनोळखी माणसाशी तिचा चिठ्ठ्यांचा व्यवहार सुरू होतो. नवऱ्याला मात्र डबा बदललाय हेही कळत नाही. लग्नाला बारा वर्षं झालेल्या जोडप्याने हा पिक्चर मंगळवारी रात्री सहज म्हणून लावून बघावा! आमच्याकडे लागला होता. अर्ध्या तासात नवरा म्हणाला, "आजची भाजी छान झाली होती हं." मी म्हटलं, "आज भाजी नव्हती, पिठलं होतं." पुढचा पिक्चर आम्ही फारच शांतपणे पाहिला, पण त्याला शांत संध्याकाळ म्हणत नाहीत.

आता तोच पिक्चर पहिल्या भेटीला घ्या. दोघांचंही लग्न झालेलं नाही, दोघांनाही घरून डबा येत नाही, त्यामुळे इलाचं दुःख त्यांच्या अंगावर येत नाही. प्रेम आहे, पण नायक-नायिका जवळजवळ संपूर्ण पिक्चर एकमेकांसमोर येतच नाहीत, म्हणजे हाताचा प्रश्न सुटला. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी आहेत. त्या दिसत नाहीत, फक्त भारती आचरेकरांचा आवाज येतो, आणि त्या आवाजावर दोघंही एकदमच हसतात. मुख्य म्हणजे शेवट उघडा सोडलाय. ते दोघं भेटले असतील का, यावर बाहेर आल्यावर बोलता येतं. पहिल्या भेटीत असाच विषय हवा असतो. तो स्वतःबद्दल काही उघड करायला लावत नाही, तरी समोरचा आशावादी आहे की नाही ते कळतं. "तुझे छंद काय" विचारण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

हा पिक्चर नुसता गोड आहे असं मात्र नाही. त्यात आजारपण आहे, एक मृत्यू आहे, आणि मुलीला घेऊन जीव दिलेल्या एका बाईचा उल्लेख आहे. ज्याच्या घरी नुकतंच काही घडलंय त्याच्यासोबत हा बघू नये. हे आधी कळावं म्हणून लोक सर्टिफिकेट बघतात. सर्टिफिकेट वयाबद्दल सांगतं. २०२४ पासून यूएमध्ये ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले, ते पालकांच्या सोयीचे आहेत. ओटीटीवर सुरुवातीला कोपऱ्यात हिंसा, शिवीगाळ वगैरे शब्द येतात, त्यांचा उपयोग जरा जास्त. पण "यात नवरा बायकोकडे बघत नाही" असा इशारा कुठलंच मंडळ देत नाही. त्यासाठी आधी पाहिलेल्या माणसाला एवढंच विचारावं, "शेवट कसा आहे आणि मधे कुठे मान खाली घालावी लागते का?"

हा प्रश्न न विचारल्याचा फटका २०१६ मध्ये बऱ्याच जणांना बसला. 'सैराट'ची गाणी ऐकून पहिल्या भेटीला तो निवडणारे माझ्या ओळखीतच दोन होते. पिक्चर थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो १७४ मिनिटांचा आहे आणि शेवट निःशब्द आहे, अक्षरशः. त्या शेवटानंतर अनोळखी माणसाला "कॉफी घेऊया?" असं विचारणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. एकाने सांगितलं, रिक्षा मिळेपर्यंत दोघं एक शब्द बोलले नाहीत. दुसरी भेट झालीच नाही.

लांबीचंही तसंच. घरी लांबीला फारसा अर्थ नाही, उरलेला पिक्चर उद्या. थिएटरात मात्र मोजायची ती पिक्चरची लांबी नव्हे, सगळ्या बैठकीची. साडेसहाचा शो, जाहिराती आणि ट्रेलर पंधरा मिनिटं, मध्यंतर पंधरा मिनिटं धरा. १७४ मिनिटांचा पिक्चर संपायला दहाला सहा मिनिटं कमी. हॉस्टेलचं गेट दहाला बंद होत असेल तर मुलगी शेवटचा अर्धा तास पडद्याऐवजी घड्याळ बघणार. याच हिशोबाने १०४ मिनिटांचा 'लंचबॉक्स' पावणेनऊच्या आत संपतो, डोसा खाऊनही वेळेत पोचता येतं. मी तर दुपारचा साडेतीनचाच शो सांगते. पावणेसहाला उजेडात बाहेर येता येतं, आणि पटलं नाही तर "घरी पाहुणे येणार आहेत" म्हणता येतं, पटलं तर अख्खी संध्याकाळ हाताशी असते. मध्यंतराला लोक नावं ठेवतात, पण पहिल्या भेटीला ते वरदान आहे. दहा मिनिटं उभं राहून, हातात काहीतरी धरून, नुकत्याच पाहिलेल्या गोष्टीवर बोलायचं. याहून सोपी सुरुवात नाही.

बसण्याबद्दल दोनच गोष्टी, कारण त्या मला खरोखर खुपतात. पहिल्या भेटीला रिक्लायनर बुक करू नका. ज्याचं आडनावही नीट पाठ नाही त्याच्या शेजारी आडवं होऊन पिक्चर बघणं विचित्र दिसतं, आणि वरच्या दिव्यात नाकपुड्या दिसतात. शेवटच्या रांगेतली कोपऱ्याची सीटही नको, तिचा अर्थ सगळ्या गावाला माहीत असतो. मधली रांग, रस्त्यालगतची खुर्ची, आणि पॉपकॉर्नचे दोन छोटे डबे. एका मोठ्या डब्यात दोन हात एकाच वेळी जातात हे फक्त पिक्चरमध्ये गोड वाटतं.

आणखी एक. एकाने पाहिलेला आणि दुसऱ्याने न पाहिलेला पिक्चर घरी चालतो, पहिल्या भेटीला अजिबात नाही. पाहिलेला माणूस पडद्याकडे बघतच नाही, तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. "आता बघ हं, आता!" असं म्हणतो. विनोदी पिक्चर असेल तर संवाद एक सेकंद आधी स्वतःच म्हणून टाकतो. नवऱ्याने केलं तर उशी फेकता येते.

भाचीला सुदैवाने एका फिल्म क्लबात रविवारी दुपारी 'लंचबॉक्स'च मिळाला. तिथे जाहिराती नव्हत्या, मध्यंतरही नव्हतं, तेवढं एक कमी पडलं. संध्याकाळी सात वाजता तिचा मेसेज आला: "तो म्हणतो भेटलेच नसणार. मी म्हणते भेटले. अजून भांडतोय, डोसा मागवलाय." सहकाऱ्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणहून 'लंचबॉक्स' लावला, आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडल्यावर आधी झाकणाखाली चिठ्ठी आहे का ते पाहिलं.