संशोधन अहवालातील कार्यपद्धतीचे वर्णन

संशोधन अहवालात किंवा प्रबंधात ‘साहित्य व पद्धती’ या मथळ्याखाली येणारा भाग. काम कशावर, कशाने, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या परिस्थितीत केले हे त्यात सांगितलेले असते. त्याच विषयातल्या दुसऱ्या माणसाला मूळ संशोधकाला न विचारता तेच काम पुन्हा करता यावे, इतका तपशील त्यात अपेक्षित असतो. वाचक विषयातला आहे हे गृहीत धरलेले असते, त्यामुळे ब्युरेट कशी भरावी हे कोणी लिहीत नाही. मात्र जिथे दोन जाणकार माणसे दोन वेगळ्या गोष्टी करू शकतात, तिथे आपण काय केले ते लिहावेच लागते. काय लिहायचे आणि काय गाळायचे हे ठरवायला एवढी कसोटी बहुतेक वेळा पुरते.

मातीतील सेंद्रिय कर्बाचे मोजमाप हे याचे चांगले उदाहरण आहे. कृषी प्रबंधांत आणि माती परीक्षणाच्या अहवालांत त्याबद्दल बहुधा एकच वाक्य असते : ‘सेंद्रिय कर्ब वॉकली व ब्लॅक (१९३४) यांच्या पद्धतीने काढला.’ वाक्य खोटे नसते, पण त्यावरून काम पुन्हा करता येत नाही. या नावाखाली गेल्या नव्वद वर्षांत बरेच पोटभेद रूढ झाले आहेत आणि त्यांतील कोणता वापरला हे वाक्यात कुठेच नसते.

पद्धतीचा गाभा असा. चाळलेली १ ग्रॅम माती शंकुपात्रात घेतात. तीत १ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेटचे १० मिलि द्रावण आणि २० मिलि संहत सल्फ्युरिक आम्ल घालून पात्र मिनिटभर गोल फिरवतात व अर्धा तास ठेवतात. आम्ल व पाणी मिसळल्याने निघणाऱ्या उष्णतेवरच डायक्रोमेट मातीतील कर्बाचे ऑक्सिडीभवन करते. नंतर २०० मिलि पाणी, १० मिलि ऑर्थोफॉस्फोरिक आम्ल आणि डायफिनाइलअमाइन हा दर्शक घालतात. उरलेले डायक्रोमेट ०·५ नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेटने अनुमापन करून मोजतात. निळा-जांभळा रंग जाऊन हिरवा आला की थांबायचे. माती न घालता असेच एक कोरे अनुमापनही करतात.

```
C (%) = (B - S) × N × 0.003 × 100 / W
```

येथे B हे कोऱ्या अनुमापनाचे वाचन, S हे नमुन्याचे वाचन, N ही फेरस अमोनियम सल्फेटची नॉर्मलता आणि W हे मातीचे ग्रॅममधील वजन. कोऱ्या अनुमापनाला २०·० मिलि लागले आणि नमुन्याला १७·० मिलि, असे समजू. सूत्रात घातले की ०·४५ टक्के येतात. पण केवळ आम्लाच्या उष्णतेवर सगळा कर्ब जळत नाही, सरासरी ७७ टक्केच जळतो असे धरून उत्तराला १·३ ने गुणायचा प्रघात आहे. तसे केले तर ०·५८५ टक्के. काही जण पुढे १·७२४ ने गुणून सेंद्रिय पदार्थ देतात. तो होतो सुमारे १·०१ टक्के.

भारतात माती परीक्षणात सर्रास वापरली जाणारी तीन पायऱ्यांची वर्गवारी ०·५ टक्क्यांखालील कर्बाला कमी, ०·५ ते ०·७५ ला मध्यम आणि त्यावरील कर्बाला भरपूर म्हणते. म्हणजे ब्युरेटचे वाचन तेच असताना गुणक लावला नाही तर जमीन ‘कमी’ ठरते आणि लावला तर ‘मध्यम’. सेंद्रिय पदार्थाचा आकडा कोणी कर्ब समजून वाचला तर तीच जमीन ‘भरपूर’ होते. दोन अहवालांतील फरक शेणखतामुळे पडला की गुणकामुळे, हे वाचकाला कळायला एक वाक्य पुरते : ‘७७ टक्के प्राप्ती गृहीत धरून १·३ हा गुणक लावला, आकडे सेंद्रिय कर्बाचे आहेत.’ नेमके हेच वाक्य वगळले जाते, कारण लिहिणाऱ्याच्या प्रयोगशाळेत ते सगळ्यांनाच माहीत असते.

गुणकाला आणखी एक बाजू आहे. तो बाहेरून उष्णता न देता केलेल्या कामासाठी आहे. काही प्रयोगशाळांत पात्र तापवतात. तिथे कर्ब जास्त जळतो आणि १·३ ने गुणले की उत्तर फुगते. आम्ल पिपेटमधून थेंबथेंब सोडले तर उलटे होते, कारण मिश्रण पुरेसे तापतच नाही. म्हणून आम्ल एकदम ओतले का, पात्र कशावर ठेवले, किती वेळ ठेवले आणि बाहेरून उष्णता दिली का, एवढे लिहायला हवे. पाणी कोणत्या कंपनीच्या यंत्रातून घेतले हे नाही लिहिले तरी चालते. तपशील जितका जास्त तितके वर्णन चांगले, ही समजूत चुकीची आहे. उत्तर ज्याने हलते तो तपशील हवा.

असाच एक तपशील मातीच्या जातीवरून येतो. क्लोराइडही डायक्रोमेट खाते, त्यामुळे कोकणातील खारजमिनींत कर्ब प्रत्यक्षाहून जास्त दिसतो. यावर आम्लात सिल्व्हर सल्फेट मिसळतात. विदर्भातील गोड्या काळ्या जमिनीवरच्या प्रबंधात याचा उल्लेख नसला तर बिघडत नाही; खाजणावरील प्रबंधात नसेल तर ते आकडे कसे वाचायचे हा प्रश्नच आहे. शेणखत भरपूर घातलेल्या वाफ्यातील मातीत वेगळी अडचण येते. १० मिलि डायक्रोमेटपैकी ८ मिलिहून जास्त खर्च झाले तर तो नमुना कमी माती घेऊन पुन्हा करावा असा नियम आहे. आम्ल घातल्यावर पात्रातला नारिंगी रंग जाऊन हिरवट छटा आली तर डायक्रोमेट संपत आल्याचे अनुमापनाआधीच कळते. असे नमुने ०·५ ग्रॅमवर पुन्हा केले असतील तर किती आणि कोणते, हे अहवालात यावे.

प्रयोगशाळेच्या बाहेरचा भाग बहुधा याहून कच्चा असतो. ‘शेतातून प्रातिनिधिक नमुने घेतले’ या वाक्यात जवळजवळ काहीच नाही. हाच मजकूर पुन्हा करता येईल असा लिहिला तर साधारण असा होतो : ‘खरीप ज्वारीच्या काढणीनंतर, शेणखत टाकण्यापूर्वी, प्रत्येक वाफ्यात नागमोडी चालत दहा ठिकाणी पृष्ठभागावरील काडीकचरा बाजूला केला. व्ही आकाराचा २० सेंमी खोल खड्डा घेऊन त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चकती काढली. बांधालगतचा एक मीटर पट्टा वगळला. वाफ्यातील दहाही उपनमुने एकत्र मिसळले, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकले, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे पुन्हा केले. माती सावलीत वाळवून लाकडी हातोडीने फोडली व २ मिमी चाळणीतून चाळली. त्यातील थोडी खलात घोटून पूर्णपणे ०·५ मिमी चाळणीतून काढली आणि कर्बासाठी वापरली.’

या परिच्छेदातील खोलीचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण कर्ब वरच्या थरात जास्त असतो. एकाने १५ सेंमीपर्यंत आणि दुसऱ्याने ३० सेंमीपर्यंत माती घेतली तर शेत तेच असूनही दुसऱ्याचा आकडा सहसा कमी येतो. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि वरची माती, पालापाचोळा त्यांत घरंगळतो. म्हणून महिना आणि जमिनीची स्थितीही लिहावी. ‘पूर्णपणे’ हा शब्दही उगाच नाही. चाळणीवर उरलेली भरड फेकून दिली तर नमुनाच बदलतो.

पुनरावृत्तींची संख्या हे गोंधळाचे आणखी एक ठिकाण. ‘तीन पुनरावृत्ती’ म्हणजे त्याच उपचाराचे तीन वेगळे वाफे, की एकाच पिशवीतल्या मातीची तीन अनुमापने? पहिल्यात शेतातला फरक दिसतो, दुसऱ्यात फक्त हाताचा आणि ब्युरेटचा. दुसऱ्या प्रकारची तीन वाचने पहिल्या प्रकारची म्हणून सांख्यिकीत घातली तर नसलेला फरक सार्थ दिसू लागतो. वर्णन नीट असेल तर वाचक मुक्तिमात्रा मोजून हे स्वतः पकडू शकतो. चार उपचार आणि तीन वाफे म्हणजे एकूण बारा वाफे; सारणीत त्याहून जास्त निरीक्षणे मोजलेली दिसली की कुठेतरी पिशवीतली वाचने शिरली आहेत.

मार्गदर्शिकेतून उतरवलेला मजकूर त्याच्या क्रियापदांवरून ओळखू येतो. ‘माती घ्यावी, आम्ल घालावे’ ही सूचना झाली. अहवालात ‘घेतली, घातले’ हवे. हा केवळ व्याकरणाचा भाग नाही. सूचना उतरवणारा प्रत्यक्षात काय वेगळे झाले ते लिहायचे विसरतो. फेरस अमोनियम सल्फेटचे द्रावण हवेने हळूहळू कमजोर होते आणि जुन्या द्रावणाला कोऱ्या अनुमापनात २० ऐवजी २१ मिलि लागू शकतात. नॉर्मलता ०·५ धरूनच गणित केले, की रोजच्या कोऱ्या अनुमापनावरून नवी काढली, हे मार्गदर्शिकेत नसते. ते नोंदवहीत असते, म्हणून हा भाग काम चालू असतानाच नोंदवहीवरून लिहिलेला बरा.

इतके करूनही काही गोष्टी निसटतात, कारण करणाऱ्याला त्या तपशील वाटतच नाहीत. याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. बॉस्टन आणि बर्कली येथील दोन प्रयोगशाळा मानवी स्तनाच्या ऊतीतील पेशी वेगळ्या करून त्यांचे वर्गीकरण करत होत्या. पद्धत ठरवून एकच, तरी निकाल जुळेनात. जवळजवळ वर्ष गेले. शेवटी दोन्हीकडच्या संशोधकांनी शेजारी उभे राहून काम केले, तेव्हा उलगडा झाला : ऊतीचे विघटन करताना एकीकडे ती जोरात ढवळत, तर दुसरीकडे हळू हेलकावे देत जास्त वेळ ठेवत. २०१४ मध्ये त्यांनी हा अनुभव स्वतंत्र लेख म्हणून प्रसिद्ध केला.

असे दोष शोधण्याचा स्वस्त उपाय म्हणजे मजकूर शेजारच्या प्रयोगशाळेतील सहकाऱ्याला देणे. त्याच पिशवीतली माती आणि फक्त लिहिलेले पान घेऊन त्याने कर्ब काढायचा. मूळ संशोधकाने उत्तरे द्यायची नाहीत, त्याचे प्रश्न फक्त टिपायचे. ‘चाळणी कुठली?’, ‘गुणक लावायचा का?’ असा प्रत्येक प्रश्न म्हणजे गाळलेले एक वाक्य. आकडे जुळले पण प्रश्न आले, तरी वाक्ये घालायचीच.

शेताच्या कामाला एक मर्यादा राहते. मोजमाप पुन्हा करता येते, पण तो हंगाम आणि त्या दिवशीची जमीन पुन्हा मिळत नाही. म्हणून चाळलेल्या मातीचा काही भाग कोरड्या, बंद बाटलीत ठेवतात. वाफ्याचा क्रमांक, खोली आणि तारीख बाटलीवर लिहितात आणि ती कुठे ठेवली आहे हे अहवालात नमूद करतात.