प्रायमाक्विन: एका दिवसाचं आणि चौदा दिवसांचं

गडचिरोलीत फाल्सिपेरम मलेरियाचा रुग्ण आणि मुंबईत व्हायवॅक्स मलेरियाचा रुग्ण, दोघांच्याही कागदावर प्रायमाक्विन लिहिलेलं असतं. पहिल्याला ते एकदाच, दुसऱ्याला चौदा दिवस. नाव एकच असल्यामुळे सगळा घोटाळा होतो. व्हायवॅक्सचा रुग्ण म्हणतो, "शेजारच्याला एकाच दिवसाच्या गोळ्या दिल्या, मला का एवढ्या?" आणि ताप उतरला की पाचव्या दिवशी गोळ्या कपाटात जातात.

फाल्सिपेरममध्ये तीन दिवसांच्या आर्टेमिसिनिनयुक्त औषधाने रक्तातले ताप आणणारे जंतू मरतात. पण त्यांची नर-मादी रूपं, म्हणजे गॅमेटोसाइट्स, पिकल्यावर त्या औषधाला फारशी दाद देत नाहीत आणि काही आठवडे रक्तात फिरत राहतात. रुग्णाला त्यांचा त्रास नाही, मात्र डास चावला की ती डासात जातात आणि पुढच्या घरात मलेरिया पोचतो. प्रायमाक्विनचा एकच डोस त्यांना निकामी करतो. त्याचा फायदा गावाला होतो. रुग्णाचा ताप त्या डोसाशिवायही गेलाच असता.

व्हायवॅक्समध्ये गॅमेटोसाइट्स क्लोरोक्विननेच मरतात. तिथे प्रायमाक्विनचं काम यकृतात असतं. डास चावल्यावर यकृतात शिरलेल्या जंतूंपैकी काही लगेच वाढून रक्तात उतरतात, तर काही पेशींमध्ये झोपून राहतात. या झोपलेल्या जंतूंना हिप्नोझोइट म्हणतात. तीन दिवसांचं क्लोरोक्विन रक्त साफ करतं, झोपलेल्यांना ते काहीच करत नाही. उलट ते रक्तात काही आठवडे रेंगाळतं आणि लवकर जागे झालेले जंतू दाबून ठेवतं. म्हणून पहिला महिना बरा जातो आणि ताप साधारण एक-दोन महिन्यांनी परततो. आपल्याकडे आठ-दहा महिन्यांनी उलटणारा व्हायवॅक्सही असतो. त्या वेळी लोकांना वाटतं, नवा डास चावला. तसं असूही शकतं, नेहमीच्या रक्ततपासणीतून नवी लागण आणि उलटलेला जुना मलेरिया वेगळा ओळखता येत नाही. पण चौदा दिवसांचा कोर्स पुरा झालेला नसेल, तर पहिला संशय यकृतातल्या झोपलेल्या जंतूंवरच घ्यावा. फाल्सिपेरमला हे झोपलेलं रूप नसतंच, म्हणून त्याला चौदा दिवसांची गरज पडत नाही.

आता मात्रा. राष्ट्रीय मलेरिया कार्यक्रमात व्हायवॅक्ससाठी दर किलो वजनाला रोज ०.२५ मिलिग्रॅम, १४ दिवस. ६० किलोच्या माणसाला रोज १५ मिलिग्रॅम, एकूण २१० मिलिग्रॅम. फाल्सिपेरमसाठी उपचाराच्या दुसऱ्या दिवशी दर किलोला ०.७५ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच माणसाला एकदाच ४५ मिलिग्रॅम. इथे एक फसवी जागा आहे. कार्यक्रमाच्या वयोगटाच्या तक्त्यात प्रौढाला दोन्हीकडे सहाच गोळ्या येतात, पण व्हायवॅक्सच्या गोळ्या २.५ मिलिग्रॅमच्या आणि फाल्सिपेरमच्या ७.५ मिलिग्रॅमच्या. "सहा गोळ्या" एवढंच लक्षात ठेवलं आणि चुकीची पट्टी हातात आली, तर व्हायवॅक्सच्या रुग्णाच्या पोटात रोज तिप्पट औषध जाईल. गोळ्या मोजण्याआधी पट्टीवरचा आकडा वाचायलाच हवा. उलटी चूकही होते. ७० किलोच्या माणसाला हिशोबाने साडेसतरा मिलिग्रॅम लागतं, सरसकट १५ दिलं तर ते कमी पडतं.

हिप्नोझोइट मारताना महत्त्वाची असते ती एकूण मात्रा, आणि ती एका दिवसात देता येत नाही. शरीर ती सोसणार नाही. म्हणून ती वाटून द्यायची. जागतिक आरोग्य संघटनेने अलीकडे रोज दर किलोला ०.५ मिलिग्रॅम या दराने सात दिवसांचा पर्यायही मान्य केला आहे: एकूण तेवढंच, रोजचं दुप्पट. गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की पोटात कळा येतात आणि कोर्स तिथेच थांबतो, म्हणून त्या जेवणानंतरच घ्याव्यात.

जी६पीडी तपासणीचा मुद्दा याच वाटणीतून येतो. जी६पीडी हे तांबड्या पेशींमधलं एक विकर. प्रायमाक्विन शरीरात गेल्यावर त्यापासून तयार होणारे पदार्थ पेशीला आतून गंजवतात. त्या गंजापासून वाचायला पेशीला जी रसायनं लागतात, ती तांबड्या पेशीत केवळ याच विकराच्या मार्गाने तयार होतात. विकर कमी असेल, तर पेशी फुटतात. एका छोट्या डोसाने आधीच म्हाताऱ्या झालेल्या थोड्या पेशी फुटून थांबतं. रोज डोस पडत राहिला तर फुटणं चालूच राहतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना फाल्सिपेरमसाठी दर किलोला ०.२५ मिलिग्रॅमचा एकच डोस जी६पीडी न तपासता द्यायला सांगते, आणि व्हायवॅक्सच्या कोर्सआधी तपासणी करायला सांगते. आपल्याकडचा एकच डोस तिप्पट आहे, त्यामुळे ती सूट त्याला जशीच्या तशी लावू नये.

विकर किती कमी आहे हे कमतरतेच्या प्रकारावर ठरतं. भारतात मेडिटरेनियन, ओरिसा आणि केरळ-कल्याण हे प्रकार सापडतात. मेडिटरेनियनमध्ये तरुण पेशींतही विकर जवळजवळ नसतं, त्यामुळे फुटणं आपोआप थांबत नाही.

तपासणीसाठी उपचार अडवून ठेवायची गरज नाही. क्लोरोक्विन पहिल्याच दिवशी सुरू करायचं. जी६पीडीचा रिपोर्ट दोन-चार दिवसांनी आला तरी बिघडत नाही, झोपलेले जंतू तेवढ्यात उठत नाहीत. मात्र नुकतंच रक्त चढवलेलं असेल किंवा पेशी नुकत्याच फुटल्या असतील, तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो. मोजल्या जातात त्या दात्याच्या किंवा नव्या, तरुण पेशी.

गर्भवतीला आणि कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे एक वर्षाखालच्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत. पोटातल्या बाळाचं विकर तपासताच येत नाही.

समजा ६० किलोच्या पुरुषाचा रिपोर्ट "कमतरता" असा आला. रोजचा कोर्स रद्द. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा ४५ मिलिग्रॅम, असे आठ आठवडे, हा मार्ग उरतो. दोन डोसांमधल्या सात दिवसांत फुटलेल्या पेशींची जागा नव्या पेशी घेतात. तरीही हिमोग्लोबिन पाहत राहावं लागतं.

बायकांच्या बाबतीत "नॉर्मल" शब्दावर लगेच विसंबू नये. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषात एकच एक्स, त्यामुळे विकर एकतर पुरेसं असतं किंवा सगळ्याच पेशींत कमी असतं. एकच सदोष जनुक असलेल्या बाईत दोन्ही तऱ्हेच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि विकर मधल्या पातळीवर राहतं. हो-नाही सांगणारी तपासणीची साधी पट्टी साधारण ३० टक्क्यांखालची कमतरताच पकडते. ५० टक्के विकर असलेली बाई तिच्यात नॉर्मल ठरते, पण सात दिवसांच्या दुप्पट मात्रेत तिच्याही पेशी फुटू शकतात. टक्केवारी मोजणारं यंत्र असेल, तर तिची तपासणी त्यावर करावी.

तपासणी नसेल किंवा रिपोर्ट नॉर्मल असेल, तरी गोळ्या देताना घरच्यांना सांगून ठेवायचं: पहिला आठवडाभर लघवीचा रंग रोज पाहा. काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले, धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा.