फाइल एक्सेलमध्ये ठीक दिसते, मग आत का जात नाही?

मालयादी आणि ग्राहकयादी सीएसव्ही फाइलमधून भरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

जुन्या बिलिंगमधली यादी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायची असली की आम्ही तुमच्याकडे सीएसव्ही फाइल मागतो. ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. एका ओळीत एक नोंद आणि दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम, एवढेच तिचे व्याकरण. तरीही महिन्यातून दोन-चार वेळा फोन येतो: "अहो, एक्सेलमध्ये फाइल व्यवस्थित उघडते, तुमच्याकडेच अडते." तक्रार खरी असते. एक्सेल आणि डेटाबेस एकच फाइल वेगवेगळ्या पद्धतीने वाचतात, आणि घोळ तिथेच होतो. त्यातला काही घोळ आमचे सॉफ्टवेअर निस्तरते. एक घोळ मात्र तुमच्याशिवाय कुणालाच निस्तरता येत नाही, म्हणून हे पत्रक.

सुरुवातीचे तीन अदृश्य बाइट

मराठी नावे असलेली यादी एक्सेलमधून काढताना `CSV UTF-8 (Comma delimited)` हाच पर्याय निवडा. नुसता `CSV (Comma delimited)` निवडला तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे पडतात, आणि त्या फाइलमधून ती नावे परत मिळवता येत नाहीत.

योग्य पर्याय निवडला की एक्सेल फाइलच्या अगदी सुरुवातीला `EF BB BF` असे तीन बाइट घालते. याला बाइट ऑर्डर मार्क म्हणतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण पहिल्या रकान्याला चिकटून बसतात. मग आपण `kramank` वाचतो आणि डेटाबेसला काहीतरी दुसरेच नाव मिळते. शीर्षकाची ओळ नसेल तर पोस्टग्रेस हा डेटाबेस असा संदेश देतो:

```
invalid input syntax for type integer: "1001"
```

अवतरणातला आकडा अगदी बरोबर दिसतो, म्हणून माणूस तासन्‌तास डोके खाजवत बसतो. विंडोजच्या नव्या नोटपॅडमध्ये फाइल उघडून खालच्या पट्टीकडे पाहा. तिथे `UTF-8 with BOM` असे लिहिलेले असेल तर हेच कारण. आमचे इम्पोर्ट हे तीन बाइट स्वतःच काढून टाकते, कारण ते नेहमी तेच आणि त्याच जागी असतात. दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरला फाइल द्यायची असेल तर नोटपॅडच्या `Save As` मध्ये एन्कोडिंग `UTF-8` निवडून ती पुन्हा साठवा.

पत्त्यातली नवी ओळ

"सदाशिव पेठ" लिहून `Alt+Enter` दाबले आणि खाली "पुणे ४११०३०" लिहिले, तर एकाच चौकटीत दोन ओळी होतात. एक्सेल असा पत्ता दुहेरी अवतरणात ठेवते आणि ते नियमाला धरूनच आहे. अवतरणातली नवी ओळ हा मजकुराचा भाग, नोंदीचा शेवट नव्हे. आम्ही ती तशीच वाचतो. अडते कधी, तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून कुणी "ही चिन्हे कशाला?" म्हणून अवतरणे पुसतो तेव्हा. मग अर्धा पत्ता स्वतंत्र नोंद ठरतो आणि `missing data for column` असा संदेश येतो. याच्या उलट `extra data after last expected column` दिसले, तर पत्त्यातला किंवा 1,25,000 सारख्या रकमेतला स्वल्पविराम अवतरणाबाहेर राहिला आहे असे समजा. म्हणून अवतरणांना हात लावू नका.

इंचाची खूण

आता ज्यासाठी हे पत्रक काढले ते. बोहरी आळीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानाची यादी आमच्याकडे आली होती. ती जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून थेट काढलेली होती. तिचा छोटा नमुना असा:

```
kramank,naav,dar
1001,बॉल व्हॉल्व्ह,180
1002,पाइप 3/4",240
1003,एल्बो,35
1004,टी जॉइंट,42
1005,पाइप 1",310
1006,टेफ्लॉन टेप,20
```

एक्सेलमध्ये या सहा नोंदी अगदी बरोबर दिसतात, कारण मजकुराच्या मधे आलेले अवतरणचिन्ह एक्सेल साधे अक्षर म्हणून सोडून देते. पोस्टग्रेस तसे करत नाही. `1002` मधल्या इंचाच्या खुणेपाशी त्याच्या लेखी अवतरण सुरू होते. तिथून पुढचे स्वल्पविराम आणि ओळी तो मजकूर म्हणून गिळत जातो, आणि `1005` मधली इंचाची खूण आली की अवतरण बंद करतो. त्यानंतर उरते `,310`.

म्हणजे `1002` या नोंदीला क्रमांक मिळाला, नावाच्या रकान्यात चार ओळींचा गोळा गेला, आणि दर लागला ३१०. तीन रकाने हवे होते, तीन मिळाले. दर हा आकडाच आहे. त्यामुळे कुठलाही संदेश आला नाही आणि इम्पोर्ट यशस्वी झाले. सहाच्या जागी तीन नोंदी आत गेल्या, एल्बो आणि टी जॉइंट गायब झाले, एक इंची पाइपही त्या गोळ्यात गेला, आणि पाऊण इंची पाइपचा दर २४० ऐवजी ३१० झाला. काउंटरवर बिल करताना गिऱ्हाइकाने दर विचारला, तेव्हा हे लक्षात आले. त्या दुकानदारांना झालेला मनस्ताप आम्ही पाहिला आहे. तो दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये असे मनापासून वाटते.

अशा खुणांची संख्या विषम असेल तर निदान इम्पोर्ट थांबते. शेवटची खूण अवतरण उघडते, ते फाइल संपेपर्यंत बंद होत नाही, आणि `unterminated CSV quoted field` असा संदेश येतो. त्यात दिलेला ओळ क्रमांक फाइलच्या शेवटाजवळचा असतो, पण चूक कुठेतरी बरीच वर असते. तेव्हा शेवटची ओळ तपासत बसू नका. इम्पोर्ट असे मधेच थांबले तर एकही नोंद आत जात नाही, त्यामुळे तुमच्या आधीच्या यादीला धक्का लागत नाही.

ही दुरुस्ती आम्ही आपोआप का करत नाही, असे काही जण विचारतात. कारण अवतरणाची खरी सुरुवात आणि इंचाची खूण ही दोन्ही एकच चिन्ह आहे. कुठले काय हे मालाची ओळख असलेल्या माणसालाच सांगता येते. अंदाजाने काढून टाकले तर पत्त्याभोवतीची योग्य अवतरणेही निघून जातील, आणि तसा धोका पत्करणे आम्हाला योग्य वाटत नाही.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जुन्या बिलिंगमध्येच मालाच्या नावात खुणेऐवजी "इंच" लिहा आणि फाइल पुन्हा काढा. खूण ठेवायचीच असेल तर पूर्ण नाव अवतरणात घालून आतली खूण दोनदा लिहावी लागते:

```
1002,"पाइप 3/4""",240
```

शेवटच्या तीन खुणांपैकी पहिल्या दोन मिळून एक इंचाची खूण होते आणि तिसरी अवतरण बंद करते. फाइलमध्ये अशा खुणा कुठे आहेत हे नोटपॅडमध्ये `Ctrl+F` दाबून शोधा. लिनक्स वापरत असाल तर:

```
grep -n '"' maal.csv
```

बिलिंगमधून काढलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून पुन्हा साठवू नका. `020` ने सुरू होणाऱ्या दूरध्वनी क्रमांकांचे पहिले शून्य जाते, आणि मोबाइलच्या आधी `91` असेल तर बारा आकड्यांचा क्रमांक `9.19877E+11` अशा रूपात साठवला जातो. बघायची असेल तर नोटपॅडमध्ये बघा.

फाइल पाठवताना सोबत दोन आकडे लिहून पाठवा: जुन्या बिलिंगच्या अहवालात दिसणारी एकूण नोंदींची संख्या आणि सगळ्या दरांची बेरीज. वरच्या नमुन्यात हे आकडे ६ आणि ८२७ आहेत. चुकीच्या इम्पोर्टनंतर ते ३ आणि ५१० झाले होते. आत गेलेल्या नोंदींशी हे दोन्ही आकडे जुळल्याशिवाय आम्ही नवी यादी तुमच्या काउंटरवर सुरू करत नाही.