ट्रान्सक्रिप्ट वाचून झाली, पण सबटायटल्स तपासली का?

पुण्यातल्या अनेक संस्थांचा शिरस्ता ठरलेला आहे. व्याख्यान चित्रित करायचे, संकलन झाले की यूट्यूबवर चढवायचे, रविवारी सकाळी प्रसिद्ध होईल अशी वेळ लावून ठेवायची आणि दरम्यान यंत्राने काढलेला मजकूर कोणा जाणकाराला वाचायला द्यायचा. जाणकार मन लावून वाचतात, चुका दुरुस्त करतात आणि ‘ट्रान्सक्रिप्ट पाहिली, ठीक आहे’ असे कळवतात. रविवारी मात्र पडद्यावर त्याच जुन्या चुका झळकतात. मग खापर यंत्रावर फुटते, आणि ते अन्यायाचे आहे.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे काय, हे वाचकांना ठाऊक आहेच: वक्ता जे बोलला ते सलग लिहिलेले. सबटायटल्सची फाइल म्हणजे तोच मजकूर लहान तुकड्यांत कापलेला, आणि प्रत्येक तुकडा पडद्यावर कधी यावा व कधी जावा याची वेळ सोबत नोंदलेली. अक्षराचा आकार, रंग, खालची पट्टी वगैरे फरकांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. घोळ होतो तो या दोन्ही गोष्टी एकाच कामातून एकाच वेळी बाहेर पडतात म्हणून. व्हिस्पर हा सर्रास वापरला जाणारा प्रोग्राम घेऊ. पानशेतच्या पुरावरील व्याख्यानासाठी आज्ञा अशी द्यावी लागते:

```
whisper panshet.mp4 --language mr --model large-v3
```

भाषा स्वतः सांगावी. न सांगितल्यास तो सुरुवातीच्या तीस सेकंदांवरून अंदाज बांधतो, आणि तेथे कोणी हिंदी गाणे लावलेले असेल तर पुढचे सारेच बिघडते. काम संपल्यावर त्याच फोल्डरमध्ये `panshet.txt` आणि `panshet.srt` या दोन्ही फाइली (आणखीही काही) तयार होतात. पहिलीत नुसता मजकूर असतो, दुसरीत वेळाही असतात. वाचायला सोपी म्हणून पहिली जाणकारांकडे जाते, आणि यूट्यूबवर दुसरी चढते. पहिलीत केलेली दुरुस्ती दुसरीत आपोआप उतरत नाही, कारण या दोन फाइलींचा एकमेकींशी काही संबंध उरलेला नसतो. जाणकारांनी तपासली ती एक वस्तू आणि प्रेक्षकांनी पाहिली ती दुसरी.

यावर एक पळवाट काढली जाते: दुरुस्त केलेला मजकूरच चढवायचा. यूट्यूब स्टुडिओत फाइल चढवताना `With timing` आणि `Without timing` असे दोन पर्याय दिसतात, आणि दुसरा निवडला की मजकुराची वेळांशी सांगड यूट्यूब घालते. ही सोय चांगली असली तरी त्या भाषेचे बोलणे यूट्यूबला ओळखता येत असेल तरच ती चालते, आणि तुकडे कोठे पाडायचे हे पुन्हा यंत्रच ठरवते. मला हा मार्ग पसंत नाही. तुकडे कोठे पडतात, यावरच अर्थ अवलंबून असतो. समजा, फाइलमध्ये असे आले:

```
47
00:06:12,400 --> 00:06:15,900
त्या रात्री धरण सुरक्षित आहे

48
00:06:15,900 --> 00:06:18,200
असे कोणीही म्हणत नव्हते.
```

सलग मजकुरात हे वाक्य निर्दोष आहे, आणि वाचणारा त्यावर खूणही करणार नाही. पडद्यावर मात्र साडेतीन सेकंद ‘त्या रात्री धरण सुरक्षित आहे’ एवढेच दिसते, आणि ज्याला ऐकू येत नाही किंवा जो आवाज बंद ठेवून बसमध्ये पाहतो, त्याच्यापर्यंत नेमका उलटा अर्थ पोचतो. येथे दोन्ही तुकडे एक करून दोन ओळींत मांडावेत आणि वेळ 00:06:12,400 ते 00:06:18,200 ठेवावी. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे ‘नाही’, ‘नव्हते’, ‘नको’ हे शब्द एकटे पुढच्या तुकड्यात ढकलले गेले आहेत का, हे मी सर्वांत आधी पाहतो. ही चूक ट्रान्सक्रिप्ट वाचून सापडणे शक्यच नाही, कारण ट्रान्सक्रिप्टमध्ये ती नसतेच.

दुसऱ्या जातीची चूक दोन्ही फाइलींत असते, पण डोळ्यांना दिसत नाही. वक्ता म्हणतो, ‘मुठेला पूर आला’, आणि यंत्र लिहिते, ‘मोठा पूर आला’. वाक्य शुद्ध आहे, विषयाला धरून आहे, खरेही आहे. फक्त वक्ता तसे बोललेला नाही आणि नदीचे नाव गळून पडले आहे. ‘तेमघर’ दिसले तर पुणेकर वाचक लगेच ‘टेमघर’ करतो, कारण ते डोळ्याला खटकते. न खटकणाऱ्या चुका कानानेच पकडाव्या लागतात. आकड्यांचेही तसेच: १२ जुलै १९६१ या तारखेतला ‘एकसष्ट’ घाईत बोलला गेला आणि ‘एकोणसाठ’ असा उमटला, तर तारीख मुळातून माहीत असलेल्यालाच ते कळेल. टाळ्यांच्या किंवा शांततेच्या जागी कोणीच न बोललेले वाक्यही व्हिस्पर कधी कधी लिहून ठेवतो, आणि तेही दिसायला सभ्यच असते.

म्हणून तपासणी एकदाच, `.srt` वरच आणि व्हिडिओ चालू ठेवून करावी. सबटायटल एडिट या मोफत प्रोग्राममध्ये आवाजाचा आलेख, चित्र आणि तुकडे एकाच पडद्यावर दिसतात, आणि एखादा तुकडा पुन्हा ऐकायला एक क्लिक पुरते. चाळीस मिनिटांच्या व्याख्यानाला दीड-दोन तास धरावेत. ‘तेवढा वेळ कोणाकडे आहे’ असे विचारणारे पुढे टिप्पण्यांत दुरुस्त्या लिहीत बसतात. जाणकारांना कागदावरच वाचायचे असेल तर खुशाल वाचू द्यावे. त्यांच्या खुणा मात्र कोणीतरी एकेक करून `.srt` मध्ये उतरवाव्यात. सगळा मजकूर उचलून जुन्या वेळांवर चिकटवू नये, कारण एक तुकडा वाढला किंवा गळला की पुढचा प्रत्येक तुकडा चुकीच्या वेळेवर बसतो.

वेळा सरकण्याचे कारण मात्र बहुधा संकलनात असते. सबटायटल्स तयार झाल्यावर कोणी सुरुवातीला आठ सेकंदांची संस्थेची नावपट्टी जोडली, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सर्व तुकडे आठ सेकंद लवकर येतात. सगळ्या वेळा एकदम तेवढ्या पुढे ढकलल्या की काम होते. मधला भाग कापला असेल, तर कापापर्यंत सर्व जुळते आणि नंतर मजकूर मागे पडतो. त्यामुळे सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागा चालवून पाहिल्या की दुखणे कोणते ते समजते. संकलन पूर्ण झाल्याखेरीज व्हिस्पर चालवू नये, हे सांगावे लागू नये. तरी सांगावे लागते.

आता वेळ लावण्याविषयी. रविवार सकाळची वेळ लावली की त्या वेळी व्हिडिओ प्रसिद्ध होतो, सबटायटल्स तपासून झालेली असोत वा नसोत. यूट्यूब तपासणीसाठी थांबत नाही. म्हणून व्हिडिओ आधी `Private` ठेवून चढवावा, तपासलेली `.srt` जोडावी, स्टुडिओतच तीन जागी चालवून पाहावी, आणि `Schedule` हे शेवटचे पाऊल ठेवावे. वेळ आधीच लावून बसला असाल, तरीही सबटायटल्सची फाइल बदलल्याने ती वेळ हलत नाही आणि दुवाही तोच राहतो. अपवाद एकच: अक्षरे संकलनातच चित्रावर छापून टाकली असतील, तर एका चुकीसाठी सगळा व्हिडिओ नव्याने काढून नव्या दुव्यावर चढवावा लागतो, आणि जुना दुवा तोवर निमंत्रणपत्रिकेवर छापून गेलेला असतो.