दहावीच्या ‘अर्थनियोजन’ प्रकरणात कर्ज का नाही? एक पार्श्वभूमी

शाळेत पैशाचं शिक्षण ही कल्पना राज्यात जुनी आहे. एके काळी शाळाशाळांत ‘संचयिका’ चालायची, मुलं आठवड्याला काही पैसे भरायची आणि हिशेबाची वहीही मुलंच ठेवायची. आजचा प्रश्न मात्र 2017 पासूनचा आहे. त्या वर्षी नववीच्या आणि 2018 मध्ये दहावीच्या गणित भाग 1 मध्ये ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आलं. नववीत बचत, गुंतवणूक आणि आयकर, तर दहावीत जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड आणि एसआयपी. त्याच्या थोडं आधी, 2013 मध्ये, वित्तीय शिक्षणाचं पहिलं राष्ट्रीय धोरण ठरलं होतं. शाळकरी मुलांची देशव्यापी वित्तीय साक्षरता चाचणीही त्याच सुमारास सुरू झाली. ती घेणाऱ्या केंद्राचं कामकाज आपल्या वाशीतूनच, सेक्टर 17 मधून चाललं.

या प्रकरणासाठी कोणते विषय निवडले, हा वादाचा मुद्दा आहे. शेअरची दलाली आणि दलालीवरचा जीएसटी मुलं बिनचूक काढायला शिकतात. खरेदीत दलाली मिळवायची, विक्रीत वजा करायची, आणि जीएसटी शेअरच्या किमतीवर नाही तर दलालीवर लावायचा, या दोन जागी हमखास चुका होतात आणि शिक्षक त्या घोटून घेतात. कर्ज मात्र या प्रकरणात नाही. चक्रवाढ व्याज आठवीत होऊन गेलेलं असतं. हप्ते भेटतात ते अंकगणिती श्रेढीत, तेही दर महिन्याला ठरावीक रकमेने कमी होत जाणारे. बाजारात असा हप्ता सहसा मिळत नाही.

कळव्यात राहणाऱ्या आणि बारावीनंतर ऐरोलीत कामाला लागलेल्या मुलाचा पहिला मोठा व्यवहार बहुधा दुचाकीचा असतो. समजा 90,000 रुपयांचं कर्ज, मुदत 3 वर्षं, आणि शोरूममधला माणूस सांगतो, ‘दहा टक्के फ्लॅट’. म्हणजे वर्षाला 9,000, एकूण व्याज 27,000, हप्ता 3,250. हिशेब सरळव्याजाचा असल्यामुळे मुलाला तो पटतो. गोम अशी की मुद्दल दर महिन्याला 2,500 ने फिटत असलं, तरी व्याज अखेरपर्यंत पूर्ण 90,000 वरच लागतं. छत्तिसाव्या महिन्यात फक्त 2,500 रुपये बाकी असतात आणि त्यावर 750 रुपये व्याज जातं. दर महिन्याला उरणाऱ्या मुद्दलावर, म्हणजे घटत्या शिलकीवर, खरोखर 10 टक्के दर असता, तर हप्ता सुमारे 2,904 आणि एकूण व्याज साधारण 14,500 झालं असतं. 3,250 चा हप्ता म्हणजे घटत्या शिलकीवर जवळपास 18 टक्के. फाइल चार्ज आणि कर्जातच घातलेला विमा धरला, तर दर आणखी वर जातो.

हा हिशेब सूत्राशिवायही शिकवता येतो. वहीत बाकी, व्याज आणि मुद्दल असे तीन रकाने आखायचे आणि पहिले सहा महिने हाताने भरायचे. ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जासोबत खर्चासह वार्षिक दर, म्हणजे एपीआर, दाखवणारं पत्रक देणं बंधनकारक झालं आहे. तो आकडा वाचता येणं हे एका तासिकेचं काम आहे, आणि माझ्या मते दलालीच्या गणितापेक्षा ते आधी यायला हवं होतं.

शिकवल्याने वागणूक बदलते का, यावर अभ्यासकांत मोठी खडाजंगी झाली. 2014 च्या एका एकत्रित विश्लेषणात वर्तनातल्या फरकापैकी जेमतेम 0.1 टक्का शिक्षणाशी जोडता आला, आणि शिकलेलं कालांतराने विरतं असंही दिसलं. त्यातून ‘गरज पडेल तेव्हाच शिकवा’ हा विचार पुढे आला. 2022 मध्ये 76 यादृच्छिक प्रयोग, म्हणजे कोणाला शिकवायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेले प्रयोग, एकत्र तपासले गेले आणि परिणाम आधीच्या अंदाजाच्या तिपटीहून मोठा निघाला. वागण्यापेक्षा ज्ञान मात्र इथेही जास्त बदललेलं होतं.

शाळांपुरतं बोलायचं तर ब्राझीलमधला 892 शाळांचा प्रयोग सर्वांत बोलका आहे. तिथे गुण वाढले, बचत 1.4 टक्के-बिंदूंनी वाढली, पण मुलं महाग उधारीकडेही जास्त वळली. काही वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा तीच मुलं महाग कर्ज कमी वापरत होती. अभ्यासक्रम संपताच मोजमाप थांबवलं असतं, तर उलटाच निष्कर्ष निघाला असता.

आपल्याकडे असं मोजणं अवघड होऊन बसलं, कारण नवं पुस्तक राज्य मंडळाच्या सगळ्या शाळांत एकाच वर्षी आलं आणि तुलनेसाठी कोणी मागे उरलंच नाही. ठाणे-नवी मुंबईत केंद्रीय मंडळाच्या शाळा शेजारीच आहेत, पण त्यांच्याशी तुलना केली तर अभ्यासक्रमाचा नाही, घरच्या उत्पन्नाचा फरक मोजला जातो. 2018 च्या आणि 2019 च्या दहावीची तुलना त्यातल्या त्यात बरी, कारण नव्या पुस्तकावरची पहिली परीक्षा 2019 ची. त्यासाठी बोर्डाचे गुण उपयोगी नाहीत. दोन्ही तुकड्यांनी घेतलेली कर्जं, त्यांचे दर आणि चुकलेले हप्तेच पाहावे लागतील.